उलाढाल विकत मिळते

२०२४ साली इथेरियम या ब्लॉकचेनवर ‘नेक्सफंडएआय’ नावाचं एक टोकन आलं. वेबसाइट नीटनेटकी होती, वित्तव्यवहार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालण्याची नेहमीची आश्वासनं होती, आणि टोकनामागची मंडळी उलाढाल वाढवून देणाऱ्या कंपन्यांच्या शोधात होती. अशी टोकनं रोज ढिगाने निघतात, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. अशा कामात मुरलेल्या तीन कंपन्या पुढे आल्या. कॉल झाले, दर ठरले, काम सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलांनी आरोपपत्रं खुली केली तेव्हा कळलं, की टोकन काढणारी मंडळी म्हणजे एफबीआय होती.

पोलिसांनी स्वतःच नाणं काढून सापळा लावायचा, हा प्रकार अमेरिकेतही नवा होता. या मोहिमेत एकूण अठरा व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोप ठेवले गेले, अडीच कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो जप्त झालं. पण मला त्यातला सर्वांत उद्बोधक भाग वाटतो तो वेगळाच. तपास अधिकाऱ्यांना कुठल्या अंधाऱ्या गल्लीत शिरावं लागलं नाही. खोटी उलाढाल हा उघडउघड विकला जाणारा माल होता. त्याला दरपत्रक होतं, विक्रीसाठी माणसं होती, ‘आधीच्या ग्राहकांसाठी आम्ही हे काम केलंय’ असं सांगण्याची सोय होती.

या कंपन्या स्वतःला ‘मार्केट मेकर’ म्हणवतात. मूळ धंदा प्रतिष्ठित आहे. एखाद्या वस्तूचा बाजार पातळ असतो तेव्हा विकणाऱ्याला घेणारा लगेच सापडत नाही. मार्केट मेकर अशा वेळी दोन्ही बाजूंना उभा राहतो. घ्यायला ९९ रुपयांचा भाव देतो, विकायला १०१ चा, आणि मधल्या दोन रुपयांवर गुजराण करतो. त्यात तो स्वतःचे पैसे जोखमीत घालतो, कारण भाव फिरला तर हातातला माल त्याच्याच गळ्यात राहतो. नेक्सफंडएआयसाठी पुढे आलेल्या कंपन्यांनी यातली जोखीम काढून टाकली होती. दोन्ही बाजूंना तेच उभे राहत, पण घेणारा आणि विकणाराही तेच असत. एका वॉलेटमधून विकायचं, आपल्याच दुसऱ्या वॉलेटमधून घ्यायचं. माल हलत नाही, मालक बदलत नाही, पण पडद्यावर सौदा झालेला दिसतो. यालाच ‘वॉश ट्रेडिंग’ म्हणतात. शेअर बाजारात तो गुन्हा आहे हे अमेरिकेच्या कायद्यात १९३४ पासून लिहिलेलं आहे, आणि वायदेबाजारासाठी १९३६ पासून.

संयुक्त अरब अमिरातीतल्या सीएलएस ग्लोबल या कंपनीच्या माणसाने एफबीआयच्या छुप्या अधिकाऱ्यांना कॉलवर सगळं सरळ समजावून सांगितलं होतं. आमचा अल्गोरिदम स्वतःशीच खरेदी-विक्री करतो, अनेक वॉलेटमधून करतो म्हणजे ते नजरेत येत नाही, आणि हो, हे वॉश ट्रेडिंग आहे हे मला ठाऊक आहे, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. कंपनीने सुमारे तीस वॉलेटमधून नेक्सफंडएआयचे सातशेहून अधिक सौदे स्वतःशीच केले आणि सहा लाख डॉलरच्या आसपास उलाढाल उभी केली. त्या काळात या टोकनात जे काही व्यवहार झाले, ते बहुतेक सगळे हेच होते. मायट्रेड नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या संस्थापकाने तर धंद्याचं गणितच मांडलं. नफा हवा असेल तर बाहेरून येणाऱ्या खरेदीदारांना तोटा व्हायलाच हवा, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. सीएलएसनेही केला.

त्याच मोहिमेत अडकलेल्या गॉटबिटची गोष्ट याहून जुनी आहे. तिचा संस्थापक अलेक्सेई आंद्रियुनिन हा २०१९ साली मॉस्कोत शिकणारा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्या वर्षी त्याने एका क्रिप्टो वृत्तसंस्थेला चक्क मुलाखत दिली होती. टोकनांची खोटी उलाढाल तयार करून त्यांना नामांकित याद्यांमध्ये कसं पोचवतो, त्याचे किती पैसे घेतो, हे सांगून हा धंदा पूर्णपणे नैतिक नाही अशी पुस्तीही जोडली होती. मुलाखत छापून आली, लोकांनी वाचली, आणि धंदा पुढची पाच वर्षं चालूच राहिला. आरोपपत्रात नमूद केलंय की गॉटबिटचे लोक तक्ते ठेवत. एका रकान्यात आपण ‘निर्माण केलेली’ उलाढाल, दुसऱ्यात बाजाराची खरी उलाढाल. ग्राहकाला हिशेब द्यायचा तर काम किती झालं हे दाखवायला नको का?

पण मुळात उलाढालीसाठी कोणी पैसे का मोजावेत? किंमत वाढवून दिली तर एक वेळ समजतं. त्याचं उत्तर बाजाराच्या दारावरच्या नियमांत आहे. हजारो टोकनांतून लोकांच्या नजरेस पडायचं तर कॉइनमार्केटकॅप, कॉइनगेको अशा याद्यांवर वर दिसावं लागतं, आणि त्या याद्यांवर चोवीस तासांची उलाढाल ठळकपणे छापलेली असते. मोठी एक्स्चेंजं नवं टोकन घेताना आधी कुठे किती व्यवहार होतात ते बघतात. घेतल्यावरही व्यवहार फार रोडावले तर टोकन काढून टाकण्याची तलवार टांगती असते. शिवाय साध्या गुंतवणूकदाराचा ठोकताळा असा, की भाव कोणीही चढवेल, पण एवढे लोक घेतायत-विकतायत म्हणजे काहीतरी असणारच. किमतीवर संशय घेणारा माणूस उलाढालीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. खरं तर दोन्हींत स्वस्त उलाढालच आहे.

किती स्वस्त, ते हिशेबाने बघू. नवी छोटी टोकनं बहुधा युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित बाजारात उतरतात. तिथे घेणारा आणि विकणारा समोरासमोर येत नाहीत. टोकन काढणारा एक हौद भरतो, त्यात एका बाजूला टोकन आणि दुसऱ्या बाजूला खरा पैसा, म्हणजे इथर किंवा डॉलरशी बांधलेलं नाणं. व्यवहार या हौदाशी होतो. हौदातला पैसा आणि हौदातली टोकनं यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे, एवढाच नियम. कोणी पैसे टाकून टोकन उचललं की टोकनं कमी होतात, पैसा वाढतो, आणि दोघांचा भागाकार म्हणजे भाव, तो आपोआप चढतो.

समजा, एका टोळीने शंभर कोटी टोकनं छापली. त्यातली एक कोटी हौदात टाकली आणि सोबत २० लाख रुपये ठेवले. (प्रत्यक्षात हे डॉलरमध्ये चालतं, सोयीसाठी रुपये धरू.) म्हणजे भाव झाला २० पैसे. सगळ्या शंभर कोटींना त्या भावाने गुणलं की टोकनाचं ‘बाजारमूल्य’ २० कोटी रुपये दिसतं. हौदात आहेत वीस लाख, पाटीवर आहेत वीस कोटी. हे अंतर डोक्यात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे.

आता टोळी आपल्याच दुसऱ्या वॉलेटमधून आणखी २० लाख घालून खरेदी करते. हौदात ४० लाख झाले, गुणाकार कायम राहायचा तर टोकनं उरली ५० लाख. भाव २० पैशांवरून ८० पैशांवर. चौपट! बाजारमूल्य ८० कोटी. आणि टोळीचे पैसे गेले कुठे? कुठेच नाही, हौदातच आहेत, आणि बदल्यात आलेली ५० लाख टोकनं हातात आहेत. दुसऱ्या कोणी मध्ये पडलं नाही, तर ती परत विकून वीसच्या वीस लाख बाहेर काढता येतात.

भाव चढला, पण नुसत्या एका खरेदीने कोणी फसत नाही. म्हणून उलाढाल. दहा हजारांची टोकनं घ्यायची, विकायची, पुन्हा घ्यायची, प्रत्येक वेळी वेगळं वॉलेट वापरून. युनिस्वॅपच्या जुन्या आणि सर्वांत रुळलेल्या रचनेत प्रत्येक सौद्यावर ०.३ टक्के शुल्क पडतं, म्हणजे दहा हजारांवर तीस रुपये. दिवसात शंभर सौदे केले की पाटीवर दहा लाखांची उलाढाल आणि शुल्क तीन हजार. पण हे शुल्क जातं कोणाला? मुख्यतः हौद भरणाऱ्याला. हौद तर टोळीचाच. म्हणजे या खिशातून काढून त्या खिशात. खरा खर्च उरतो तो ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याच्या शुल्काचा. इथेरियमवर गर्दीच्या वेळी तो जाणवण्याइतका असतो. बीएनबी चेन, सोलाना, बेस अशा स्वस्त जाळ्यांवर तो इतका किरकोळ असतो, की महिनाभर दहा लाखांची ‘दैनिक उलाढाल’ राखणं एखाद्या लहान कार्यालयाच्या वीजबिलाइतकंही महाग पडू नये. वॉश ट्रेडिंग करणाऱ्यांनी स्वस्त जाळ्यांकडे धाव घेतली यात नवल नाही.

मग टेलिग्रामवर, एक्सवर, यूट्यूबवर बोलबाला सुरू होतो. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शेअर बाजारात ‘टिप’ देणारे जे करतात तेच, फक्त इमोजी जास्त. काही टोळ्या तर उघडपणे ‘पंप ग्रुप’ चालवतात. अमुक वाजता नाव जाहीर करू, सगळ्यांनी एकदम घ्या. जाहीर करणाऱ्याने ते आधीच घेऊन ठेवलेलं असतं आणि पैसे भरलेल्या सभासदांना नाव काही क्षण आधी कळतं. बाकीचे गिऱ्हाईक.

आपल्या उदाहरणात समजा बाहेरच्या लोकांनी मिळून ४० लाख रुपयांची खरेदी केली. हौदात ८० लाख झाले, टोकनं उरली २५ लाख, भाव ३ रुपये २० पैसे. बाजारमूल्य ३२० कोटी. बाहेरच्यांच्या हातात २५ लाख टोकनं आली आणि पडद्यावर त्यांची किंमत दिसते ८० लाख, म्हणजे दुप्पट फायदा. या घडीला ग्रुपवर जल्लोष असतो, पडद्याची छायाचित्रं फिरत असतात, आणि ती खोटी नसतात. पडद्यावर खरंच तेवढी रक्कम दिसते. तेवढ्यात टोळी आपली ५० लाख टोकनं विकते. हौदात टोकनं झाली ७५ लाख, तर गुणाकार राखायला पैसा उरतो साधारण २६ लाख ६७ हजार. टोळीने काढले ५३ लाख ३३ हजार. भाव आला ३६ पैशांच्या आसपास. आता बाहेरच्या सगळ्यांनी एकदम विकायचं ठरवलं तर त्यांच्या २५ लाख टोकनांचे मिळून हातात पडतील ६ लाख ६७ हजार. चाळीस लाख गेले, पावणेसात लाख आले. टोळीने वीस घालून त्रेपन्न काढले, म्हणजे ३३ लाख ३३ हजारांचा नफा, आणि बाहेरच्यांचा तोटा पैशापैशाने तेवढाच. हौद पुन्हा जसाच्या तसा, वीस लाख आणि एक कोटी टोकनं, आणि तोही टोळीचाच. याव्यतिरिक्त त्यांच्याकडे मुळातली नव्याण्णव कोटी टोकनं पडून आहेत. बाहेरच्यांच्या आधी त्यातली थोडी जरी हौदात ओतली, तर ते पावणेसात लाखही पुसले जातात. किंवा टोळी आणखी सरळ काम करते आणि हौदच उपसून नेते.

मला या आकड्यांत सगळ्यात बोलका वाटतो तो तीनशे वीस कोटींचा. त्या क्षणी हौदात सगळे मिळून ८० लाख रुपये होते. शंभर कोटी टोकनांतली एखादी कोटी जरी विकायला काढली, तरी तीनशे वीस कोटींतला एक रुपया कोणी दिला नसता असा मोठा भाग होता. बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले छापलेली संख्या. शेवटचा सौदा आपल्याच दोन वॉलेटमध्ये झाला असेल, तरी गुणाकार तोच. सैतामा नावाचं टोकन याच बॉस्टनच्या खटल्यांत आहे. त्याचं बाजारमूल्य एके काळी साडेसात अब्ज डॉलर दाखवलं जात होतं.

हौदाच्या बाजाराचा एक गुण मान्य केला पाहिजे, तिथला प्रत्येक सौदा कायमचा आणि सगळ्यांसाठी उघडा नोंदलेला राहतो. नेहमीच्या, म्हणजे कंपनी चालवत असलेल्या एक्स्चेंजवर ही सोय नाही. तिथे पडद्यावर खरेदीच्या आणि विक्रीच्या मागण्यांची यादी दिसते आणि झालेल्या सौद्यांची पट्टी सरकत असते. पण कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात, हे फक्त एक्स्चेंजला ठाऊक. आणि उलाढाल मोठी दिसण्यात एक्स्चेंजचाही फायदा असतोच. २०१९ च्या मार्च महिन्यात बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या रोखे आयोगाला अहवाल दिला, की बिटकॉइनची जाहीर होणारी उलाढाल पंच्याण्णव टक्के खोटी किंवा निव्वळ फुगवलेली आहे. बिटकॉइनची ही कथा, मग छोट्या टोकनांचं काय विचारता!

त्या अहवालात दाखवलेली एक साधी युक्ती कोणालाही जमण्यासारखी आहे. समजा, एका टोकनाला घेणारा सर्वांत चांगला भाव ९५ पैसे देतोय आणि विकणारा सर्वांत कमी १ रुपया ५ पैसे मागतोय. मधली जागा मोकळी आहे. खरा माणूस घाईत असला तर १.०५ ला घेईल किंवा ९५ ला विकेल. पण सौद्यांच्या पट्टीवर नोंद दिसते १.०१ ला, मग ९९ पैशांना, मग पुन्हा १.००. या भावांना यादीत कोणी उभंच नव्हतं. म्हणजे दोन मागण्या एकाच क्षणी, एकमेकींसाठीच, मधल्या मोकळ्या जागेत टाकल्या आणि लगेच जुळल्या. एखादा असा सौदा योगायोग असू शकतो. तासन्‌तास तेच चाललं असेल, एक खरेदी एक विक्री असा झोका असेल, आणि पहाटे तीनला व दुपारी तीनला उलाढाल सारखीच असेल, तर पलीकडे माणसं नाहीत.

आकड्यांच्या स्वभावावरूनही ओळखता येतं. माणूस व्यवहार करताना गोल आकडे वापरतो. शंभर, पाचशे, हजार. त्यामुळे खऱ्या बाजारात सौद्यांचे आकार गोल आकड्यांभोवती गोळा होतात. यंत्राला ‘स्वैर आकडा निवड’ असं सांगितलेलं असतं, ते ४१७.८३ निवडतं, मग ६०२.११. लपवण्यासाठीच केलेली ही मेहनत उलटते, कारण एवढं स्वैर खऱ्या गर्दीत कोणी वागत नाही. दुसरी खूण पहिल्या अंकाची. खूप मोठ्या आवाक्यात पसरलेल्या आकड्यांमध्ये १ ने सुरू होणारे आकडे सुमारे तीस टक्के असतात आणि ९ ने सुरू होणारे पाच टक्क्यांहूनही कमी. याला बेनफर्डचा नियम म्हणतात, हिशेब तपासणारे तो खोटी बिलं हुडकायला वापरतात. पाचशे ते हजारच्या दरम्यान आकडे काढत बसलेल्या यंत्राच्या सौद्यांत १ ने सुरू होणारा आकडा जवळपास सापडतच नाही. या आणि अशा खुणा लावून लिन विल्यम काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणतीस एक्स्चेंजं तपासली. नियमनाबाहेरच्या एक्स्चेंजांवर सरासरी सत्तर टक्क्यांहून अधिक उलाढाल वॉश ट्रेडिंगची असावी, असा त्यांचा अंदाज निघाला.

इथे एक सावधगिरी. या खुणा पुरावा नाहीत. प्रामाणिक मार्केट मेकरही चोवीस तास यंत्रानेच चालतो. दोन बाजारांतल्या भावफरकावर जगणारे बॉट एका सेकंदात घेतात आणि विकतात, त्यांचं पट्टीवरचं चित्र वॉश ट्रेडिंगसारखंच दिसू शकतं. उलट हुशार टोळी आता गोल आकडेही मिसळते. म्हणून एक्स्चेंजच्या आतल्या नोंदी किंवा छुप्या अधिकाऱ्याने केलेलं ध्वनिमुद्रण हाती आल्याशिवाय कोर्टात फार काही टिकत नाही. एफबीआयने टोकन काढलं ते हौस म्हणून नव्हे.

पण गुंतवणूकदाराला कोर्टात काही सिद्ध करायचं नसतं, पैसे घालायचे की नाही एवढंच ठरवायचं असतं. त्याला माझ्या मते उलाढालीच्या आकड्याकडे पाठ फिरवून एकच प्रश्न विचारणं बरं, की आत्ता मी विकायला गेलो तर किती पैसे बाहेर येतील? विकेंद्रित बाजारात हौदातला पैसा ‘लिक्विडिटी’ या नावाखाली लिहिलेला असतो. लिक्विडिटी वीस लाख आणि दैनिक उलाढाल दोन कोटी असेल, तर सगळा हौद दिवसात दहा वेळा फिरला असा त्याचा अर्थ, आणि तो कोण फिरवतंय हे विचारायला हवं. नेहमीच्या एक्स्चेंजसाठी कॉइनगेकोसारख्या याद्यांवर भाव दोन टक्के हलवायला किती रक्कम लागेल याचा आकडा मिळतो. उलाढाल कोटींत आणि हा आकडा काही हजारांत, असं जोडपं दिसलं की तिथेच थांबावं. इथरस्कॅनवर कोणत्याही टोकनाचे धारक बघता येतात. वरच्या दहा वॉलेटांत बहुतेक माल असेल, आणि धीर करून एकेक वॉलेट मागे तपासत गेल्यावर त्या सगळ्यांना पहिला पैसा एकाच वॉलेटमधून, एकाच दुपारी आला असेल, तर ती वेगवेगळी माणसं नव्हेत. लिलावात स्वतःचीच माणसं उभी करून बोली चढवणाऱ्या व्यापाऱ्यासारखाच हा प्रकार, फक्त इथे माणसांना चहाही पाजावा लागत नाही.

नेक्सफंडएआयचा शेवट थोडा विनोदी झाला. आरोपपत्रांची बातमी पसरताच त्याच नावाची नक्कल टोकनं निघाली, आणि हे पोलिसांचं सापळा-टोकन आहे हे माहीत असूनही लोकांनी ती घेतली, चढवली आणि पाडली. मूळ टोकनाचे व्यवहार सरकारने आधीच बंद केले होते. पुढच्या वर्षी शिक्षा झाल्या. सीएलएसला सव्वाचार लाख डॉलरहून थोडं अधिक भरायला लागलं आणि अमेरिकी बाजाराची दारं बंद झाली. आंद्रियुनिनला पोर्तुगालमध्ये पकडून अमेरिकेत आणलं होतं. त्याला आठ महिन्यांची कैद झाली, गॉटबिटने सुमारे दोन कोटी तीस लाख डॉलर गमावले आणि धंदा बंद करायचं कबूल केलं. जप्तीचा आकडा पाहिला की आठ महिने फारच कमी वाटतात, पण ते असो.

आपल्याकडे हा खेळ अनोळखी नाही. मुंबईच्या बाजारात ‘ऑपरेटरने चालवलेला शेअर’ हा शब्दप्रयोग जुना आहे, आणि सर्क्युलर ट्रेडिंगवरून सेबीने असंख्य आदेश काढलेत. २०२२ च्या साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात तर क्रमही हुबेहूब होता. आधी शेअरमध्ये भाव आणि उलाढाल वाढली, मग यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, लहान गुंतवणूकदार धावले, आणि आतल्यांनी माल खपवला, असं सेबीने मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात म्हटलं. फरक इतकाच की शेअर बाजारात प्रत्येक सौद्यामागे पॅन असतो आणि बघायला सेबी असते. क्रिप्टो टोकन सेबीच्या कक्षेत येत नाहीत. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकांची ओळख ठेवावी लागते, पण भाव आणि उलाढाल खरी आहे की नाही हे बघणं हा त्या कायद्याचा विषय नाही.

आणि एक गोष्ट सरकारने बहुधा या हेतूने केली नसावी, पण परिणाम तोच झाला. १ जुलै २०२२ पासून भारतात क्रिप्टो विकताना विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. वर आपण दहा लाखांची दैनिक उलाढाल दाखवली, त्यातली निम्मी विक्री. म्हणजे भारतीय एक्स्चेंजवर रोज पाच हजार रुपये टीडीएसमध्ये अडकणार. विवरणपत्र भरल्यावर तो हिशेबात धरला जातो, पण तोवर रक्कम बाहेर, आणि प्रत्येक सौदा पॅनसह आयकर खात्याच्या नोंदीत. इतक्या उजेडात वॉश ट्रेडिंग करायला कोण येणार? टोळ्या परदेशी एक्स्चेंजांवर आणि हौदांवरच राहतात, आणि आपले लोक त्यांच्याकडे तिकडे जातात. तिथे चाळीस लाखांतले तेहतीस लाख बुडाले, तर तो तोटा आपल्या कायद्यात दुसऱ्या कुठल्याही फायद्यातून वजा करता येत नाही. दुसऱ्या टोकनात झालेल्या फायद्यातूनसुद्धा नाही. पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. दुसऱ्या टोकनात फायदा झाला असेल, तर त्यावर तीस टक्के मात्र पूर्ण भरायचे.